पाऊस, पंखा आणि पडसे : घसा नेमका कशाने धरतो?

पावसाळा सुरू झाला की बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात एक वाक्य रोज अनेकदा कानी पडते : "काल पावसात भिजला आणि रात्रीच घसा धरला." उन्हाळ्यात याच वाक्यातील पावसाची जागा पंखा घेतो आणि अलीकडे काही घरांत वातानुकूलन यंत्र. सांगणारी आई किंवा आजी खोटे बोलत नसते. मूल भिजले हे खरे, आणि त्यानंतर घसा दुखू लागला हेही खरे. प्रश्न एवढाच आहे की, एकामागून एक घडलेल्या या दोन गोष्टींपैकी पहिलीने दुसरी घडवली काय?

आपल्या भाषेने या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकले आहे. 'सर्दी' हा शब्द फारसीतील 'सर्द' म्हणजे थंड या शब्दावरून आला. इंग्रजीतही या विकाराचे नाव 'कोल्ड' असेच आहे. आजाराच्या नावातच कारण गोवलेले असल्यावर दुसरे कारण शोधण्याची गरज कोणाला वाटणार? आणि या समजुतीची किंमत घराघरांत मोजली जाते. मुलाला भिजू दिले म्हणून सुनेला बोल लागतो. बाळंतिणीच्या खोलीत भर मे महिन्यात पंखा बंद ठेवून बाळाला घामाने भिजवले जाते. पण त्याच खोलीत नाक पुसत आलेल्या पाहुण्याच्या हाती ते बाळ बिनदिक्कत दिले जाते. धोका पंख्यापासून नसून त्या पाहुण्यापासून होता, हे ध्यानात येईपर्यंत कधी कधी बाळाला धाप लागलेली असते. म्हणूनच हा विषय वरवर साधा दिसला तरी मुळापासून पाहण्याजोगा आहे.

विषाणूचे वेळापत्रक

सर्दी हा विषाणूंमुळे होणारा संसर्ग आहे. तो घडवणारे विषाणू अनेक असले तरी त्यांत पहिला मान ऱ्हायनोव्हायरस या कुळाचा. या एकट्या कुळात दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराविरुद्ध फारशी कामी येत नाही. शाळेत नुकतेच जाऊ लागलेले निरोगी मूल वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दीने आजारी पडते, त्याचे हे एक कारण आहे.

हा विषाणू शरीरात शिरला की काय घडते, ते पाहू. आजारी माणसाच्या शिंक-खोकल्यातून, श्वासातून किंवा त्याच्या हातावरील स्रावातून तो दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. दूषित बोट नाकात किंवा डोळ्याला गेले तरी पुरते, कारण डोळ्यातील अश्रू एका बारीक नलिकेवाटे नाकातच उतरतात. नाकाच्या आतील ओलसर त्वचेवर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते आतला चिकट स्राव सतत मागे, घशाच्या दिशेने ढकलत असतात. या प्रवाहाबरोबर विषाणू नाकाच्या मागच्या टोकाशी, पडजिभेच्या वरच्या भागात येऊन पोहोचतो आणि तेथील पेशींना चिकटतो. पेशीत शिरून तो स्वतःच्या प्रती काढू लागतो. नवी पिढी बाहेर पडण्यास साधारण आठ ते बारा तास लागतात.

इथपर्यंत मुलाला काहीही जाणवत नाही. पुढे शरीराला या आक्रमणाचा सुगावा लागतो आणि ते प्रतिकारासाठी काही रसायने सोडते. त्यांपैकी ब्रॅडिकायनिन नावाचे रसायन मज्जातंतूंची टोके चेतवते आणि घसा खवखवू लागतो. ही खवखव म्हणजे विषाणूने केलेली जखम नव्हे. ती बव्हंशी आपल्याच शरीराची प्रतिक्रिया आहे. सर्दीची पहिली तक्रार नाकाची नसून बहुधा घशाची का असते, याचाही उलगडा यातून होतो. विषाणूने पहिले ठाणे मांडलेले असते तेच नाक आणि घसा यांच्या संधिस्थानी.

संसर्ग झाल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतच्या या कालावधीस वैद्यकशास्त्रात अधिशयनकाळ म्हणतात. सर्दीच्या बाबतीत तो बहुधा एक ते तीन दिवसांचा असतो. फारच लवकर म्हटले तरी अर्धा दिवस लागतोच. आता मघाचे वाक्य पुन्हा पाहा. मूल संध्याकाळी पाच वाजता भिजले आणि रात्री नऊ वाजता घसा धरला. मध्ये अवघे चार तास गेले. पाच वाजता विषाणू नाकात शिरला असे मानले तरी नऊ वाजेपर्यंत त्याची पहिली पिढीसुद्धा बाहेर पडलेली नसते. म्हणजे घसा धरवणारा विषाणू त्या पावसाच्या आधीच, एक-दोन दिवसांपूर्वी, मुलाच्या नाकात शिरलेला होता. पावसाच्या सरी कोसळल्या तेव्हा आजार वाटेतच होता.

एका मुलीचे सहा दिवस

हे गणित प्रत्यक्षात कसे मांडता येते, हे एका उदाहरणावरून पाहू. जुलै महिना, बेळगावात आठ दिवसांची झड लागलेली. टिळकवाडीत राहणारी सहा वर्षांची एक मुलगी शनिवारी दवाखान्यात आली. तिच्या आजीने सांगितलेला इतिहास सरळ होता. बुधवारी दुपारी साडेचारला शाळेतून येताना रिक्षाचा पडदा उडाला आणि पोरगी चिंब भिजली. रात्री जेवताना घसा टोचतो म्हणाली. गुरुवारी सकाळपासून शिंका आणि पाण्यासारखे नाक सुरू झाले, संध्याकाळी अंग कोमट झाले. शुक्रवारी नाक पूर्ण चोंदले. शनिवारी शेंबूड घट्ट आणि पिवळा झाला, म्हणून 'आता तरी कडक औषध द्या' अशी मागणी होती.

अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न : बुधवारच्या आधी दोन-तीन दिवसांत ही कोणत्या सर्दीवाल्याच्या सहवासात आली होती? आई थोडा वेळ आठवत राहिली आणि मग म्हणाली, सोमवारी संध्याकाळी शहापुरात मावसभावाचा वाढदिवस होता. मावसभावाचे नाक वाहत होते आणि दोघे एकाच चटईवर बसून तास-दीड तास एकाच रंगपेटीने चित्रे रंगवीत होती. सोमवार संध्याकाळ ते बुधवार रात्र, म्हणजे बरोबर दोन दिवस. अधिशयनकाळाच्या हिशेबात हे अंतर नेमके बसते.

दुसरा प्रश्न : त्या रिक्षात आणखी कोण होते? आणखी पाच मुले होती आणि पडदा उडाल्यावर सगळीच भिजली होती. शनिवारपर्यंत त्या पाचांपैकी कोणीही आजारी पडलेले नव्हते. सारखाच पाऊस सहा जणांच्या अंगावर पडला आणि पडसे एकीलाच झाले.

तिसरा प्रश्न : घरात आता आणखी कोणाला त्रास होतो आहे काय? तीन वर्षांचा धाकटा भाऊ शनिवारी सकाळपासून शिंकत होता. तो तर आठवडाभर घराबाहेरच पडलेला नव्हता. त्याच्यावर पावसाचा एक थेंबही पडला नव्हता, पण ताईच्या ताटातला घास मात्र त्याने खाल्ला होता आणि रात्री तो तिच्याच पांघरुणात झोपला होता. सर्दी झालेले मूल लक्षणे सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वाधिक विषाणू बाहेर टाकत असते. बुधवार-गुरुवारी ताईकडून घेतलेला विषाणू शनिवारी त्याच्या नाकात प्रकट झाला, इतकेच.

राहिला पिवळ्या शेंबडाचा प्रश्न. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्राव घट्ट, पिवळा किंवा हिरवट होणे हा तिचा नेहमीचा क्रम आहे. लढण्यासाठी तेथे जमलेल्या पांढऱ्या पेशींतील एका विकराचा तो रंग असतो. केवळ रंग बदलला म्हणून जिवाणूंचा संसर्ग झाला असे ठरत नाही आणि प्रतिजैविकाचे कारणही उरत नाही. त्या मुलीला मिठाच्या पाण्याचे नाकातील थेंब, ताप वाटल्यास वजनानुसार पॅरासिटामॉल आणि झोपण्यापूर्वी चमचाभर मध एवढेच दिले. पुढच्या बुधवारी ती शाळेत गेली. खोकला मात्र आणखी चार-पाच दिवस रेंगाळला, तोही अपेक्षितच होता.

थंडीवर चाललेला खटला

उदाहरण एकाच मुलीचे आहे आणि त्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे कोणीही म्हणेल. परंतु थंडीवरील हा आरोप वैज्ञानिकांनी प्रत्यक्ष तपासून पाहिला आहे.

पहिला पुरावा उत्तर ध्रुवाजवळील स्पिट्सबर्गेन या बेटावरचा. तेथील कोळसा खाणींच्या वसाहतीत हिवाळाभर बर्फामुळे बाहेरची जहाजे पोहोचत नसत. १९३०-३१ मध्ये तेथील आजारांची पाहणी झाली. पाहणीत असे दिसले की, कडाक्याच्या थंडीच्या त्या महिन्यांत सर्दी जवळजवळ नाहीशी झाली होती. वसंतात पहिले जहाज लागले आणि काही दिवसांतच वसाहतभर पडसे पसरले. माणसे थंडीत गोठत होती तेव्हा त्यांना सर्दी झाली नाही. ऊब येऊ लागली तेव्हा ती झाली, कारण जहाजातून विषाणू उतरला.

दुसरा पुरावा इंग्लंडमधील सॉल्सबरी येथील. तेथे १९४६ ते १९९० या काळात खास सर्दीच्या संशोधनासाठी एक केंद्र चालवले गेले. क्रिस्टोफर अँड्र्यूज यांनी तेथे स्वयंसेवकांचे तीन गट केले. एका गटाच्या नाकात सर्दीचा स्राव सोडला. दुसऱ्या गटाला गरम पाण्याने स्नान घालून ओल्या अंगाने वारा लागणाऱ्या बोळात उभे केले आणि पुढे काही तास ओले मोजे घालायला लावले. तिसऱ्या गटाला दोन्ही भोगावे लागले. ज्यांना फक्त गारठवले त्यांच्यापैकी कोणालाही सर्दी झाली नाही. विषाणू आणि गारठा दोन्ही मिळालेल्यांना पहिल्या खेपेस काहीशी जास्त सर्दी झाली, पण प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल उलटा लागला. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे स्वयंसेवकांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरस सोडून त्यांना चार अंश सेल्सिअसच्या खोलीत किंवा गार पाण्यात ठेवले गेले. न गारठवलेल्यांच्या तुलनेत त्यांना संसर्ग अधिक झाला नाही आणि आजारही अधिक तीव्र झाला नाही.

इथे खटला संपला असे वाटत असतानाच २००५ मध्ये कार्डिफहून एक वेगळी साक्ष आली. तेथे १८० जणांचे दोन समान गट केले. एका गटाने २० मिनिटे १० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात अनवाणी पाय बुडवून ठेवले. दुसऱ्या गटाने बूट-मोजे न काढता रिकाम्या भांड्यात पाय ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या नव्वदांपैकी १३ जणांनी आणि दुसऱ्या नव्वदांपैकी ५ जणांनी सर्दीची लक्षणे सांगितली. संशोधकांनी याचा असा अर्थ लावला की, पाय गारठले की नाकातील रक्तवाहिन्या प्रतिक्षिप्तपणे आकुंचन पावतात, तेथील संरक्षण थोडा वेळ दुबळे होते आणि आधीच नाकात दबून बसलेला, लक्षणे न देणारा संसर्ग डोके वर काढतो. २०१५ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या श्वसनमार्गातील पेशींवर केलेले प्रयोगही याच्याशी जुळतात. ३७ अंशांपेक्षा ३३ अंशांवर, म्हणजे साधारण नाकाच्या आतील तापमानावर, त्या पेशींची विषाणूविरोधी प्रतिक्रिया मंदावते आणि ऱ्हायनोव्हायरस अधिक वेगाने वाढतो, असे त्यांना आढळले.

या साक्षीचे वजन नीट जोखले पाहिजे. कार्डिफच्या प्रयोगात कोणाच्याही नाकातील विषाणू तपासला नव्हता. लक्षणे ज्याने त्याने स्वतः सांगितलेली होती, आणि आपले पाय गार पाण्यात होते की रिकाम्या भांड्यात हे प्रत्येकाला ठाऊक होते. गारठ्याने सर्दी होते असे ऐकत वाढलेला माणूस अशा वेळी घशातील बारीक खवखवही मोजतो. शिवाय ते पाणी १० अंशांचे होते. आपल्याकडे जुलैत हवेचा पारा साधारण २० ते २५ अंशांत असतो आणि पावसाचे पाणीही त्याच्या आसपासच. मिरगाच्या सरीत दहा मिनिटे नाचणाऱ्या मुलाची स्थिती त्या प्रयोगाशी मिळतीजुळती नाही.

तेव्हा आज उपलब्ध पुराव्यावरून एवढे म्हणता येते : विषाणू नसेल तर कितीही भिजल्याने सर्दी होत नाही. विषाणू आधीच नाकात असेल तर दीर्घकाळचा गारठा त्याला थोडा हात देत असण्याची शक्यता आहे, पण ती शक्यता निर्विवाद सिद्ध झालेली नाही. आजीचा अनुभव निव्वळ भ्रम होता असे यामुळे म्हणता येणार नाही. मात्र तिने दोष दिला तो फार तर साथीदाराला, मूळ गुन्हेगाराला नव्हे. भिजलेल्या मुलाचे कपडे बदलून अंग पुसावे, कारण त्याला कुडकुडत ठेवण्यात काही शहाणपण नाही. पण भिजले म्हणून रागावण्याचे किंवा आगाऊ औषध पाजण्याचेही कारण नाही.

पंख्याचा गुन्हा कोणता?

पंख्याच्या बाबतीत मामला थोडा वेगळा आहे, कारण 'पंख्याने घसा दुखतो' या एका वाक्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली गोष्ट कोरडेपणाची. नाक चोंदलेले किंवा अ‍ॅडिनॉइड वाढलेले मूल तोंडाने श्वास घेत झोपते. नाक हे हवा ओलसर आणि उबदार करणारे यंत्र आहे. ते वगळून रात्रभर पंख्याची हवा थेट घशावर येत राहिली की सकाळी घसा सुकलेला आणि टोचरा असतो. हा घसा खरोखरच दुखतो, पण त्यात संसर्ग नसतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. उठून पाणी किंवा दूध पोटात गेले की तासाभरात दुखणे नाहीसे होते. ताप नसतो, दिवसभर मूल हुंदडत असते आणि दुसऱ्या सकाळी तोच प्रकार पुन्हा घडतो. विषाणूने दुखणारा घसा असा तासाभरात बरा होत नाही. दिवस चढेल तसे नाकही वाहू लागते. सकाळचा कोरडा घसा नित्याचा झाला असेल आणि मूल घोरत असेल तर पंख्याऐवजी नाकाची तपासणी करावी.

दुसरी गोष्ट अ‍ॅलर्जीची. पंख्याच्या पात्यांवर साचलेली आणि गादी-उशांतून उडणारी धूळ, विशेषतः तिच्यातील डोळ्यांना न दिसणारे कीटक, काही मुलांना सोसत नाहीत. अशा मुलांना उठल्याबरोबर ओळीने दहा-पंधरा शिंका येतात, नाक आणि डोळे खाजतात, पाण्यासारखा स्राव येतो, पण ताप येत नाही. हा त्रास आठवड्यात न संपता महिनोन्‌महिने चालतो. 'याला बारा महिने सर्दी असते' अशी तक्रार असणाऱ्या मुलांत अ‍ॅलर्जी असलेली बरीच निघतात. त्यांच्यासाठी पंख्याची पाती ओल्या फडक्याने पुसणे आणि उशीचे अभ्रे दर आठवड्यास गरम पाण्यात धुणे हे पंखा बंद करण्यापेक्षा उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे, कारण तीत कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते. ताप चढू लागतो तेव्हा मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्र शरीराचे लक्ष्य वर नेऊन ठेवते. लक्ष्य वर गेले आणि अंग अजून तेवढे तापले नाही, की मुलाला थंडी वाजते. रोज याच पंख्याखाली उघडे झोपणारे मूल त्या रात्री म्हणते, "पंखा बंद करा, गार लागते." सकाळी ताप आणि दुखरा घसा दिसला की घरचे म्हणतात, पंख्याचा वारा बाधला. वस्तुतः वारा बाधला कारण आजार आधीच सुरू झालेला होता. पंखा नकोसा होणे हे त्या आजाराचे पहिले लक्षण होते. पावसात भिजल्यावर नेहमीपेक्षा जास्त हुडहुडी भरली आणि मग ताप आला, या हकिगतीतही पुष्कळदा हाच प्रकार असतो.

मग सर्दी पावसाळ्यातच का?

येथे एक रास्त शंका निघते. पावसाचा संबंध नसेल तर पावसाळ्यात दवाखाने का भरतात? संबंध आहे, पण तो अंगावर पडणाऱ्या पाण्याचा नसून त्या ऋतूतील आपल्या राहणीचा आहे. सुटीत विखुरलेली मुले जूनमध्ये शाळांत एकत्र येतात आणि गावोगावचे विषाणू एका वर्गात जमा होतात. झड लागली की वर्गाच्या आणि घराच्या खिडक्या मिटतात, मैदानावरचा खेळ बंद होतो, रिक्षाचे पडदे खाली येतात. एका खोलीतील हवा तेच लोक पुन्हा पुन्हा श्वासात घेतात. हवा दमट आणि कोंदट असते. देशाच्या बहुतेक भागांत इन्फ्लुएन्झाचा जोरही पावसाळ्यातच असतो. काश्मीरसारख्या प्रदेशात मात्र तो हिवाळ्यात असतो.

त्यात स्मरणशक्तीची खोड मिसळते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे शाळकरी मूल दोन-तीन दिवसांतून एकदा तरी भिजतेच. त्यामुळे या काळात झालेल्या कोणत्याही सर्दीच्या आधी एखादे भिजणे सापडणारच. मूल पन्नास वेळा भिजून काहीही न झाल्याच्या आठवणी पुसल्या जातात आणि एकदा भिजून घसा धरल्याची आठवण राहते.

काय सांभाळावे?

कारण नेमके कळले की सांभाळण्याच्या जागाही बदलतात. सर्वाधिक जपावे ते तीन महिन्यांच्या आतील बाळाला. मोठ्या माणसात दोन दिवस नाक वाहवून जाणारा विषाणू, विशेषतः आरएसव्ही, एवढ्या लहान बाळाच्या बारीक श्वासनलिकांना सूज आणून त्याला रुग्णालयात पोहोचवू शकतो. बारशाला आलेल्या सर्दीवाल्या पाहुण्याने बाळ दुरून पाहावे, हे सांगण्यात संकोच नसावा. आईलाच सर्दी झाली असेल तर तिने साबणाने हात धुऊन, नाका-तोंडावर मास्क लावून अंगावर पाजावे. दूध बंद करू नये. खोलीत वारा खेळता ठेवावा. पंखा मंद असला, झोत थेट अंगावर नसला, तर तो बाळाला अपाय करीत नाही.

घशाच्या दुखण्यात एक अपवाद मात्र विसरू नये. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला एकाएकी जोराचा ताप येऊन घसा दुखू लागला, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आले, मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी सुजून दुखू लागल्या आणि सर्दी-खोकला अजिबात नसेल, तर तो स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा घसा असू शकतो. हाही माणसाकडूनच माणसाला होतो आणि त्याचाही अधिशयनकाळ दोन ते पाच दिवसांचा असतो. येथे प्रतिजैविक आवश्यक असते आणि बरे वाटले तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावे लागते, कारण उपचार टळल्यास काही मुलांना संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. उलट नाक वाहते आहे, खोकला आहे, आवाज बसला आहे, असा घसा जवळजवळ नेहमी विषाणूचा असतो आणि त्याला प्रतिजैविकाने काडीचाही फरक पडत नाही.

लहानग्यांना सर्दी-खोकल्याची मिश्र औषधे पाजण्याची सवयही सोडावी. त्यांनी आजाराचा एक दिवसही कमी होत नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी डायइथिलीन ग्लायकोलने दूषित झालेल्या अशाच एका पातळ औषधामुळे वीसहून अधिक बालकांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने, दोन वर्षांखालील मुलांना ही औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सामान्यतः टाळावीत, असे बजावले. एक वर्षावरील मुलास मध चालतो. त्याआधी देऊ नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाफ देणेही टाळावे, कारण सर्दीपेक्षा भाजण्याचा धोका कितीतरी मोठा असतो.

डॉक्टरांकडे धाव केव्हा घ्यावी? मूल झपाट्याने श्वास घेऊ लागले तेव्हा. शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजलेले श्वास दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक भरले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, पिणे थांबले, लाळ गिळता येईना, ताप तीन दिवसांहून अधिक टिकला किंवा उतरून पुन्हा चढला, कान ठणकू लागला, तर थांबू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला नुसता ताप आला तरी त्याच दिवशी दाखवावे.

आणि डॉक्टरांना हकिगत सांगताना मूल कधी भिजले यापेक्षा, गेल्या दोन-तीन दिवसांत ते कोणाबरोबर खेळले, जेवले, झोपले आणि त्यांच्यापैकी कोणाचे नाक वाहत होते, हे आठवून सांगावे. घरातील पुढचा रुग्ण कोण असेल आणि कोणत्या बाळाला त्याच्यापासून दूर ठेवायचे, हे त्यावरूनच ठरवता येते.